‘पिता’ हा शब्द एकटा उभा राहीना : १६३६ सालचा एक पेच

१६३६ सालचा जुलै महिना. आजच्या कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात, ह्यूरन सरोवराच्या पूर्वेकडील जॉर्जियन उपसागराजवळ इहोनातिरिया नावाचे एक लहानसे गाव होते. तेथे ज्याँ द ब्रेबफ हा त्रेचाळीस वर्षांचा फ्रेंच जेझुइट पाद्री आपला वार्षिक अहवाल पूर्ण करीत होता. अहवाल जायचा होता क्वेबेकमधील त्याच्या वरिष्ठाकडे, पॉल ल ज्यूनकडे, आणि तेथून जहाजाने पॅरिसच्या छापखान्यात. वाट नद्यांची होती. साधारण महिनाभर होडी वल्हवायची, आणि धबधबा आला की तीच होडी खांद्यावर घेऊन रानातून चालायचे. पत्रे वर्षातून एकदा, उन्हाळ्यात जात. तेव्हा या पत्रात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आलेच तर ते पुढच्या वर्षी.

या अहवालात वेन्डाट लोकांच्या चालीरीती आहेत आणि शेकडो मृतांच्या अस्थी एकत्र पुरण्याच्या त्यांच्या महासोहळ्याचे वर्णन आहे. फ्रेंच लोक वेन्डाटांना ‘ह्यूरन’ म्हणत. त्यातच एक प्रकरण त्यांच्या भाषेवर आहे. त्या प्रकरणात ब्रेबफ एक अडचण मांडतो. ख्रिस्ती माणूस क्रूसाची खूण करताना जे म्हणतो ते, म्हणजे ‘पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने’, हे शब्द या भाषेत नीट सांगताच येत नाहीत. कारण या भाषेत नुसते ‘पिता’ म्हणता येत नाही. ‘माझा पिता’, ‘तुझा पिता’, ‘त्याचा पिता’ असेच म्हणावे लागते. मग त्याऐवजी ‘आमच्या पित्याच्या, त्याच्या पुत्राच्या आणि त्यांच्या पवित्र आत्म्याच्या नावाने’ असे तूर्तास शिकवले तर चालेल काय, असे तो वरिष्ठांना विचारतो, आणि परवानगीवाचून काही करणार नाही असेही कळवतो.

चार-दोन सर्वनामांसाठी एवढी चिंता का, असे आज वाटेल. पण ते वाक्य साधे नव्हते. एकच देव, तीन व्यक्ती, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा त्यात आहे, आणि बाप्तिस्म्याचा विधीही याच शब्दांवर उभा आहे. पाद्री विधी लॅटिनमध्ये उरकू शके. वेन्डाट माणसाने मात्र ते आपल्या तोंडाने, आपल्या भाषेत म्हणावे अशी ब्रेबफची इच्छा होती. भाषेवर त्याची मेहनतही मोठी होती. तो १६२६ मध्ये प्रथम वेन्डाट मुलखात आला. इंग्रजांनी क्वेबेक घेतल्यामुळे १६२९ मध्ये त्याला फ्रान्सला परतावे लागले, पण तेवढ्या अवधीत त्याने एक प्रश्नोत्तरी धर्मपुस्तिका वेन्डाट भाषेत उतरवली होती. शाम्प्लेनच्या प्रवासग्रंथाच्या १६३२ च्या आवृत्तीत ती छापलेली आहे. म्हणजे १६३६ चा प्रश्न एखाद्या नवशिक्याचा नव्हता. भाषा बऱ्यापैकी कळू लागल्यावरच तो पडला होता.

आता हा पेच समजून घेण्यासाठी क्षणभर मराठीकडे वळणे सोयीचे आहे. ‘माझ्याकडे दोन सायकली आहेत’ हे वाक्य निर्दोष आहे. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ हेही व्याकरणाने चुकीचे नाही, पण ऐकणारा विचारील, ‘कधी आले? किती दिवस राहणार?’ भाऊ असणे सांगायचे तर मराठी माणूस ‘मला दोन भाऊ आहेत’ असेच म्हणतो. तसेच ‘मला दोन डोळे आहेत’. ‘माझ्याकडे दोन डोळे आहेत’ असे कुणी म्हणू लागला तर ते डोळे काचेच्या बरणीत असावेत अशी शंका येईल. सायकल विकता येते, हरवते, दुसऱ्याला देता येते. भाऊ आणि डोळे यांचे नाते तसे नाही. भाषाशास्त्रात पहिल्या प्रकाराला वियोज्य, म्हणजे वेगळे करता येणारे, स्वामित्व म्हणतात आणि दुसऱ्याला अवियोज्य. मराठीतली ही सीमारेषा काटेकोर नाही. ‘त्याला दहा एकर जमीन आहे’ हे वाक्य कुणालाच खटकत नाही. जमीन विकता येत असूनही मराठीने तिला भावाच्या आणि डोळ्यांच्या पंगतीत बसवले आहे. शेतकऱ्यांच्या मुलखातील भाषेकडून यात फारसे आश्चर्य नाही.

मात्र मराठीत हा भेद वाक्यात दिसतो, शब्दात नाही. ‘पिता’, ‘हात’, ‘सायकल’ हे तिन्ही शब्द कोशात एकटे, सुटे सापडतात. वेन्डाटमध्ये भेद थेट शब्दाच्या पोटात शिरलेला होता.

वेन्डाट ही इरोक्वॉई कुळातील भाषा. याच कुळातील मोहॉक भाषा आजही बोलली जाते, तेव्हा तिच्यावरून यंत्रणा पाहता येते. मोहॉकमध्ये ‘माझे वडील’ म्हणजे राकेनिहा. यातील ‘राके’ या पूर्वप्रत्ययाचा अर्थ आहे ‘तो, मला’. ‘तुझे वडील’ यानिहा आणि ‘त्याचे वडील’ रोनिहा. ‘रो’ म्हणजे ‘तो, त्याला’. दरवेळी शब्दाच्या आरंभी दोन माणसे आहेत : एक जो वडील आहे, आणि दुसरा ज्याला तो वडील आहे. शब्दशः अर्थ घेतला तर राकेनिहा म्हणजे ‘तो मला वडील लागतो’. मराठीत ‘तो माझा मामा लागतो’ या बोलण्यात ‘लागणे’ हे क्रियापद जसे येते, तसेच काहीसे, फरक इतकाच की तेथे नाव आणि क्रियापद एकच आहे. ‘माझा मुलगा’ म्हणतानाही तोच साचा असतो, फक्त दिशा उलटी होते. पूर्वप्रत्यय येतो ‘री’, म्हणजे ‘मी, त्याला’. वयाने मोठा तो कर्त्याच्या जागी आणि लहान तो कर्माच्या जागी, असा नियम.

आता या शब्दातून ती दोन माणसे काढून टाकली तर काय उरेल? ‘निहा’ एवढा तुकडा, आणि तो शब्द नव्हे. मराठीत नुसते ‘लागतो’ म्हटले तर ऐकणारा ‘कोण? कुणाला?’ असे विचारील, तसेच. नुसता ‘पिता’ वेन्डाटमध्ये नव्हता, याचे कारण शब्दसंग्रहातील गरिबी हे नव्हते. नाते हे दोघांत असते, एकट्यात नसते, ही गोष्ट त्या भाषेने व्याकरणातच पक्की केलेली होती. ब्रेबफच्या यादीत धनी आणि नोकर हेही शब्द आहेत. नुसता ‘धनी’ नाही, ‘माझा धनी’. विचार केला तर तेही योग्यच. ज्याचा कुणीच नोकर नाही तो धनी कसला?

देहाचे अवयव मात्र थोडे निराळे चालतात. मोहॉकमध्ये ‘माझा पाय’ म्हणताना आरंभी ‘क’ हा प्रत्यय येतो : काह्सिताके. ‘माझा जोडा’ म्हणताना ‘अक’ : अकाह्ता. हे प्रत्यय क्रियापदांनाही लागतात. ‘क’ हा कर्त्याचा, ‘अक’ हा ज्याच्यावर काही घडते त्याचा. म्हणजे पाय हा ‘मी’चाच भाग म्हणून बोलला जातो, तर जोडा ही ‘मी’ला येऊन चिकटलेली बाब. एकाच देहावर, एकाच इंचावर पाय आणि जोडा आहेत, पण भाषा त्या दोघांच्या मधून रेघ ओढते. अवयव धडावेगळा झाला, किंवा कुणाचा हे न सांगता त्याचा उल्लेख करायचा असला, तर तिसराच, ‘ओ’ हा निर्जीव वस्तूंचा प्रत्यय येतो. पाय सुटा होऊ शकतो. पिता सुटा होऊ शकत नाही. पाळीव प्राण्याची गोष्ट आणखी गमतीची. ‘माझा कुत्रा’ असे सरळ म्हणताच येत नाही. कुत्रा हा स्वतंत्र जीव, तो जोड्यासारखा कुणाच्या मालकीचा कसा? म्हणून ‘माझे पाळलेले’ असा शब्द आधी घालावा लागतो आणि मग कुत्रा.

हे ध्यानात घेतले की ब्रेबफसमोरचे पर्याय किती थोडे होते ते दिसते. ‘पिता’ म्हणायचे तर कुणाचा तरी म्हणावाच लागेल. ‘माझा पिता’ म्हटले तर प्रत्येक बोलणाऱ्यागणिक अर्थ बदलतो, आणि वेन्डाट ऐकणाऱ्याच्या मनात बोलणाऱ्याचा जन्मदाता उभा राहतो. ‘त्याचा पिता’ म्हटले तर ‘तो’ कोण हे आधी सांगावे लागेल, आणि पुत्राचा उल्लेख तर पित्यानंतर येतो. उरले ‘आमचा पिता’. ख्रिस्ती प्रार्थनेत देवाला ‘आमच्या पित्या’ म्हणतातच, त्यामुळे शब्द ओळखीचे. पण मूळ सूत्रात पिता हा माणसांचा पिता म्हणून आलेला नाही. तो पुत्राचा पिता आहे, जगाच्याही आधीपासून. ‘आमचा’ म्हणताच सूत्रात वेन्डाट माणूस स्वतः शिरतो आणि त्रैक्याची गोष्ट देव आणि भक्त यांच्या नात्याची गोष्ट होऊ लागते. ब्रेबफने पुढे ‘त्याचा पुत्र’ असे योजून पिता आणि पुत्र यांची गाठ पुन्हा बांधली. त्या शब्दाला तर पर्यायच नव्हता, कारण पुत्रही एकटा उभा राहत नाही.

तिसरे पद सर्वांत नाजूक. ‘त्यांचा पवित्र आत्मा’ म्हणजे पिता आणि पुत्र या दोघांचा. पवित्र आत्मा केवळ पित्यापासून निघतो की पिता आणि पुत्र या दोघांपासून, यावर रोमचे लॅटिन चर्च आणि पूर्वेकडील ग्रीक चर्च यांच्यात शतकानुशतके वाद होता. त्यांच्या फुटीच्या कारणांत त्याची गणना होते. लॅटिन पक्ष ‘दोघांपासून’ म्हणणारा. ब्रेबफ त्याच पक्षाचा, त्यामुळे ‘त्यांचा’ हे पद त्याला रुचण्याजोगेच होते. पण फ्रेंच मुलाने क्रूसाची खूण करताना या वादाबद्दल एक अक्षरही उच्चारलेले नसते. मूळ सूत्र त्यावर मौन आहे. वेन्डाट मुलगा मात्र तेच सूत्र म्हणताना या वादात बाजू घेऊन मोकळा झाला असता. लॅटिनमध्ये जे न बोलता राहता येत होते ते वेन्डाटमध्ये बोलावे लागत होते. भाषांतर करणाऱ्याला अडवतात ते बहुधा असेच प्रसंग : दुसऱ्या भाषेत काय सांगता येत नाही यापेक्षा काय सांगितल्यावाचून राहता येत नाही, हे.

याच प्रकरणात ब्रेबफ आणखी एक अनुभव सांगतो, आणि तो व्याकरणापेक्षा जड आहे. वेन्डाट लोकांत मृत प्रियजनांचा उल्लेख त्यांच्या आप्तांसमोर करणे हा अपमान मानला जाई. एका स्त्रीची आई नुकतीच वारली होती. ती स्त्री बाप्तिस्मा घेण्याच्या तयारीत होती. तिला धर्माज्ञा सांगताना अनवधानाने ‘तू आपल्या आईवडिलांचा मान राख’ ही आज्ञाही सांगितली गेली. ती इतकी दुखावली की बाप्तिस्म्याची इच्छाच तिला नकोशी होऊ लागली. ज्यांचा पिता या जगात उरलेला नाही त्यांना ‘स्वर्गातील आमच्या पित्या’ कसे शिकवायचे, हीही त्याची चिंता होती. या प्रसंगाचा सगळा दोष व्याकरणावर टाकणे बरोबर नाही, कारण ‘तुझी आई’ हे शब्द त्या आज्ञेत फ्रेंचमध्येही आहेतच. पण फ्रेंच पाद्रीच्या कानाला त्यातली ‘आई’ ही सर्वसामान्य आई होती, उपदेशातली. वेन्डाट स्त्रीच्या भाषेत सर्वसामान्य आई नव्हतीच. जी होती ती तिची होती, आणि ती नुकतीच गेली होती.

१६३० च्या दशकात असे उल्लेख टाळणे अधिकाधिक अवघड होत चालले होते. १६३४ पासून युरोपातून आलेल्या साथींचे एकामागून एक तडाखे वेन्डाट गावांना बसले. १६३९-४० मध्ये देवीची साथ आली. दहा वर्षांच्या आत निम्म्याच्या आसपास लोकसंख्या नाहीशी झाली. ज्या घरात कुणाचा पिता किंवा कुणाची आई गेलेली नाही असे घर शोधावे लागावे, अशा काळात हे पाद्री ‘पिता’ आणि ‘आई’ या शब्दांनी भरलेला धर्म शिकवत होते.

एक गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच्या दोन दशके आधी, त्याच जेझुइट संघाचा इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स गोव्यात मराठीतून ख्रिस्तपुराण रचत होता. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. स्टीफन्सच्या वाटेतही अडचणी होत्याच, परकी धर्मकल्पना ओवीत बसवायच्या होत्या. पण ‘पिता’ आणि ‘पुत्र’ हे शब्द मराठीत आयते, सुटे आणि वापरून गुळगुळीत झालेले होते. जो पेच इहोनातिरियात रात्रीची झोप उडवणारा ठरला, तो सासष्टीत उद्भवलाच नाही.

या भेदाला शास्त्रात स्थान मिळायला पुढे पावणेतीनशे वर्षे लागली. १९१४ मध्ये फ्रेंच विचारवंत ल्युसियाँ लेव्ही-ब्रूल याने प्रशांत महासागरातील मेलानेशियन भाषांवर एक निबंध लिहिला. तेथील नामांचे दोन गट पडतात असे त्याने दाखवले. एका गटाला स्वामित्वाचा प्रत्यय थेट चिकटतो, आणि त्यात देहाचे अवयव, नातलग आणि माणसाच्या अगदी निकटच्या काही वस्तू येतात. बाकी सर्व नामे दुसऱ्या गटात. फिजीची भाषा याचे सोपे उदाहरण आहे. ‘माझे डोके’ म्हणजे उलुन्गू, ‘माझे वडील’ म्हणजे तमान्गू. दोन्हींत ‘न्गू’, म्हणजे ‘माझे’, शब्दालाच जोडलेले. पण ‘माझे घर’ म्हणताना ‘नोन्गू’ हा वेगळा शब्द आधी येतो आणि मग घर. जवळचे जवळ जोडायचे, दूरचे मध्ये काही ठेवून जोडायचे.

लेव्ही-ब्रूलची नोंद मोलाची होती, पण त्याचा निष्कर्ष टिकणारा नव्हता. तो ज्यांना मागासलेले समाज समजे त्यांच्या विचारपद्धतीचा हा नमुना आहे, असे त्याला वाटे. ब्रेबफच्या पत्रातही त्याच जातीचा सूर आहे. वेन्डाट भाषा समृद्ध होईपर्यंत किंवा वेन्डाटांची बुद्धी इतर भाषांकडे वळेपर्यंत ही तात्पुरती सोय, असे तो म्हणतो. पुढे जगभरच्या भाषा तपासल्या गेल्या तेव्हा हा भेद सर्व खंडांत, सर्व प्रकारच्या समाजांत सापडला. आज भाषाशास्त्रज्ञ त्याचे जे कारण देतात त्यातले एक अगदी साधे आहे. सायकलींविषयी, घरांविषयी माणसे ‘कुणाची’ हे न सांगताही पुष्कळ बोलतात. वडिलांविषयी आणि हाताविषयी बोलताना मात्र बहुतेक वेळा ते कुणाचे तरीच असतात. जे दोन तुकडे सतत एकत्र बोलले जातात ते पिढ्यानुपिढ्या झिजून एकमेकांना चिकटतात. काही भाषांत ते इतके चिकटतात की पुढे सुटेच होत नाहीत. या स्पष्टीकरणात विचारशक्तीची उंची-बुटकी मोजावी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण मर्यादाही आहे. वडील कर्त्याच्या जागी आणि मूल कर्माच्या जागी, ही वेन्डाट-मोहॉकची मांडणी केवळ झिजण्याने होत नाही. तेथे नात्याकडे कृती म्हणून पाहण्याची एक जुनी सवय कामाला आलेली आहे.

ब्रेबफ १६४९ च्या मार्चमध्ये इरोक्वॉई संघाच्या हल्ल्यात पकडला जाऊन मारला गेला. त्याच हल्ल्यांनी वेन्डाट मुलूखही उद्ध्वस्त झाला. लोक विखुरले. काही पश्चिमेकडे गेले, त्यांचे वंशज वायंडॉट आज अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे आहेत. काही क्वेबेकजवळ आले, त्यांची वस्ती वेन्डाके. विसाव्या शतकात ही भाषा जन्मतः बोलणारे कुणी उरले नाही.

राहिले ते जेझुइटांचे कागद. ब्रेबफनंतरच्या पाद्र्यांनी शंभर वर्षे शब्दकोश आणि व्याकरणे लिहिली, पिढ्यान्‌पिढ्या नकलून घेतली. पियेर पोतिये याने १७४० च्या दशकात केलेल्या नकला त्यांतल्या फार मोठ्या. आज वेन्डाकेतील लोक भाषा पुन्हा उभी करीत आहेत ती याच हस्तलिखितांतून. तेथे नात्याचे शब्द शोधताना त्यांना नुसता ‘पिता’ कुठेच सापडत नाही. सापडतो तो कुणाचा तरी पिता, प्रत्ययासकट, जसा सतराव्या शतकात पाद्र्याने कुणा वेन्डाट माणसाच्या तोंडून ऐकला आणि नाइलाजाने तसाच लिहून ठेवला.